दुपारी चारची चुरचुर

हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत दुपारचे चार वाजत आले की एकोणतीस वर्षांच्या एका तरुणीचा हात आपसूक डोळ्यांकडे जातो. आधी थोडं कोरडं वाटतं, मग चुरचुरायला लागतं, आणि पाच वाजेपर्यंत डोळ्यांत बारीक वाळू गेल्यासारखं खुपू लागतं. स्क्रीनवरची अक्षरं मधूनच पुसट होतात. दोन-तीनदा पापण्या मिटल्या की पुन्हा स्पष्ट दिसतात. पर्समध्ये ड्रॉप्सची बाटली असते. ती थेंब टाकते, दहा-पंधरा मिनिटं बरं वाटतं, पुन्हा तेच. रात्री दहाला लेन्स काढल्यावर मात्र तासाभरात डोळे शांत होतात. सकाळी आठला लेन्स पुन्हा डोळ्यांत.

ही तरुणी म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारे लोक डोळ्यांच्या दवाखान्यात ज्या तक्रारी वारंवार घेऊन येतात, त्या एकत्र करून उभी केलेली ही एक नमुन्याची केस आहे. चष्म्याचा नंबर उणे चार, महिनाभर चालणारी मऊ लेन्स, पाच वर्षांची सवय, रोज चौदा तास वापर, दुचाकीवरून येणं-जाणं, टेबलाच्या बरोबर वर एसीचा झोत आणि डोळ्यांत काजळ. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तिच्या चार वाजताच्या चुरचुरीला थोडा थोडा हातभार लावते. कोणती किती, हे शोधायची एक पद्धत आहे. ती समजून घेतली नाही, तर माणूस एकामागून एक लेन्स आणि ड्रॉप्स बदलत राहतो, आणि शेवटी लेन्स कपाटात जाते. लेन्स वापरणं लोक सोडून देतात त्यामागचं सर्वांत मोठं कारण हेच आहे: दिवस सरत जातो तशी ती डोळ्यांना सोसेनाशी होते.

तीन मायक्रॉनचं पांघरूण

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला, म्हणजे कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून मिळतो. हा थर जेमतेम तीन मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतक्या पातळ थराचीही रचना नीट असते. तळाशी चिकट म्युसिन असतं, त्यामुळे पाणी डोळ्याला धरून राहतं. त्यावर अश्रुग्रंथींतून आलेलं पाणी. सर्वांत वर तेलाचा तलम पापुद्रा, जो ते पाणी उडू देत नाही.

हे तेल तयार होतं पापण्यांच्या कडेला उभ्या ओळीत बसलेल्या बारीक ग्रंथींत. जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांनी 1666 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. पापणी मिटली की या ग्रंथींवर दाब येतो, थेंबभरही नाही इतकं तेल बाहेर येतं, आणि पापणी उघडताना ते डोळ्यावर सारखं पसरतं. म्हणजे पापणी लवते तेव्हा गाडीच्या वायपरसारखी धूळ पुसण्याबरोबरच तेलाचं झाकणही नव्याने घातलं जातं.

आता या तीन मायक्रॉनच्या थरात मऊ लेन्स ठेवून पाहा. मध्यभागी तिची जाडी साधारण सत्तर ते शंभर मायक्रॉन, म्हणजे अश्रूंच्या थराच्या पंचवीस-तीस पट. ती थराचे दोन भाग करते: थोडा लेन्सच्या खाली, थोडा वर. वरच्या भागाला म्युसिनचा नैसर्गिक तळ मिळत नाही, त्यावर तेलही नीट पसरत नाही. त्यामुळे तो लवकर फाटतो आणि लेन्सचा पृष्ठभाग उघडा पडतो. अक्षरं पुसट होतात ती इथे. पापणी मिटल्यावर थर पुन्हा पसरतो आणि क्षणभर स्वच्छ दिसतं.

खुपतं कुठे, याचंही उत्तर मिळालेलं आहे. वरच्या पापणीच्या आतल्या कडेला एक अरुंद पट्टी असते, ती दर वेळी डोळ्यावरून घासत जाते. मध्ये ओलावा असेल तर ती सहज सरकते. लेन्सचा पृष्ठभाग कोरडा पडला की तीच पट्टी दिवसभरात हजारो वेळा कोरड्या पृष्ठभागावरून जाते आणि तिच्या पेशी सोलवटतात. दवाखान्यात खास रंग टाकून पाहिलं की ही पट्टी रंगलेली दिसते. ‘लेन्स खुपते’ असं सांगणाऱ्या अनेकांच्या बाबतीत दुखरी जागा लेन्सखाली नसून पापणीच्या आत असते.

स्क्रीनसमोर हरवलेली उघडझाप

जपानी नेत्रतज्ज्ञ काझुओ त्सुबोता आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1993 मध्ये कार्यालयात काम करणाऱ्या 104 जणांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. निवांत बसलेले असताना हे लोक मिनिटाला सरासरी 22 वेळा पापण्या मिटत होते. पुस्तक वाचताना हा आकडा दहावर आला आणि संगणकासमोर सातवर. आठ तासांच्या कामाला हा हिशेब लावला तर साडेदहा हजार वेळा होणारी उघडझाप साडेतीन हजारांच्याही खाली येते. उरलेल्या सात हजार वेळा तेलाचं झाकण घातलंच जात नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक मोजमाप होतं, ते सहसा कोणी सांगत नाही. डोळ्याचा किती पृष्ठभाग हवेला उघडा राहतो, हे त्यांनी मोजलं. टेबलावरचं पुस्तक वाचताना नजर खाली असते, वरची पापणी उतरते आणि साधारण 1.2 चौरस सेंटिमीटर भाग उघडा राहतो. संगणकाकडे समोर पाहताना तो 2.3 चौरस सेंटिमीटर होता, जवळजवळ दुप्पट. म्हणजे पुस्तक आणि स्क्रीन या दोन्हींत डोळे रोखलेलेच असतात, पण स्क्रीनसमोर उघडझापही कमी आणि उघडा भागही जास्त. यावरचा उपाय फुकटचा आहे. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या थोडी खाली आणायची, म्हणजे नजर किंचित उतरते आणि पापणी डोळ्याला अर्धवट पांघरूण घालते. लॅपटॉप स्टँडवर उंच चढवून ठेवला, की मानेला आराम मिळतो खरा, पण डोळे जास्त उघडे राहतात. अशा वेळी स्टँड दोन-तीन इंच खाली करून फरक पाहावा.

उघडझाप किती वेळा होते याइतकंच ती पूर्ण होते का, हेही महत्त्वाचं. लक्ष लावून काम करताना वरची पापणी पुष्कळदा अर्ध्या वाटेतूनच परत फिरते. मग डोळ्याचा खालचा तिसरा भाग ओला होत नाही, आणि पापण्या एकमेकींना टेकल्या नाहीत तर तेलही नीट बाहेर येत नाही. हे स्वतःला कळत नाही. मोबाइल समोर उभा करून काम करतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला, की अर्धवट उघडझाप स्पष्ट दिसते; बहुतेकांना ती पाहून आश्चर्य वाटतं.

यासाठी एक साधा व्यायाम आहे. डोळे हलकेच मिटायचे, दोन सेकंद थांबायचं, उघडायचे. पुन्हा हलकेच मिटायचे, दोन सेकंद थांबायचं, आणि मग मिटलेल्या पापण्या दोन सेकंद किंचित घट्ट आवळून उघडायच्या. एवढंच, दहा सेकंदांत होतं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी कोरड्या डोळ्यांची तक्रार असलेल्यांना असा व्यायाम दर वीस मिनिटांनी, चार आठवडे करायला लावला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्रास कमी झाला, अर्धवट उघडझापेचं प्रमाण घटलं आणि अश्रूंचा थर जास्त वेळ टिकू लागला. यात आवळणं म्हणजे कपाळाला आठ्या घालून डोळे गच्च मिटणं नव्हे. बोटं कानशिलावर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ ठेवावीत. हलकेच मिटताना तिथला स्नायू हलत असेल तर जोर जास्त लागतोय.

अडचण एवढीच, की दर वीस मिनिटांनी आठवण राहत नाही. म्हणून हा व्यायाम एखाद्या कामाला जोडावा: मेल पाठवला की एकदा, फोन ठेवला की एकदा, पाण्याचा घोट घेतला की एकदा.

थेंब कोणता, किती आणि कधी

आता त्या पर्समधल्या बाटलीकडे येऊ. औषधांच्या दुकानात ‘डोळ्यांचे ड्रॉप्स द्या’ म्हटलं तर हाती काहीही येऊ शकतं. लेन्स डोळ्यांत असताना चालतील असे ड्रॉप्स वेगळे असतात आणि त्यांच्या वेष्टनावर तसं छापलेलं असतं. त्यांत बहुधा सोडियम हायल्युरोनेट किंवा कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज यांसारखा पाणी धरून ठेवणारा पदार्थ असतो. तसा उल्लेख नसलेले ड्रॉप्स लेन्सवर टाकण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

पाहायची पहिली गोष्ट म्हणजे परिरक्षक, म्हणजे बाटली उघडल्यावर आत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं रसायन. डोळ्यांच्या औषधांत बेंझाल्कोनियम क्लोराइड फार वापरलं जातं. मऊ लेन्स स्पंजसारखी असते. ती हे रसायन शोषून घेते आणि नंतर तासन्‌तास हळूहळू डोळ्यावर सोडत राहते. कॉर्नियाच्या पेशींना ते त्रासदायक असतं. म्हणून असे थेंब लेन्स काढून टाकावेत आणि लेन्स घालायला किमान पंधरा मिनिटं थांबावं. दिवसात अनेकदा थेंब लागत असतील तर परिरक्षक नसलेले, एकेका वापराच्या छोट्या नळीत मिळणारे ड्रॉप्स घ्यावेत. त्यातली उरलेली नळी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

लालीवरचे ड्रॉप्स हा वेगळाच प्रकार. नॅफाझोलिनसारखं औषध रक्तवाहिन्या आवळतं, डोळा पांढरा दिसतो, पण कोरडेपणा जागच्या जागी राहतो. औषधाचा असर उतरला की लाली परत येते, अनेकदा आधीपेक्षा जास्त. लेन्स घालणाऱ्यांसाठी यात आणखी एक धोका आहे: लाली ही सूचना असते, आणि ती पुसली गेली की सुरू होत असलेला संसर्गही लपतो. आपल्याकडचं गुलाबजलही याच यादीत. ते निर्जंतुक नसतं. लेन्सवर तर ते जाताच कामा नये. नळाचं पाणी किंवा थुंकीने लेन्स ओली करणं ही तितकीच धोक्याची सवय आहे. नळाच्या पाण्यात अकँथमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो, आणि तो लेन्सखाली अडकला तर कॉर्नियाला होणारा संसर्ग महिनोन्‌महिने हटत नाही.

किती टाकायचे? एक थेंब. बाटलीतून पडणारा थेंब साधारण चाळीस मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात एरवी सात ते दहा मायक्रोलिटर अश्रू असतात. पापणीआड मावून मावून तीसच्या आसपास मावतात. पहिल्या थेंबाचाच काही भाग गालावर ओघळतो, दुसरा पूर्ण वाया जातो. हात धुऊन कोरडे करावेत, खालची पापणी हलकेच ओढावी, बाटलीचं टोक कुठेही न टेकवता थेंब सोडावा आणि तीन-चारदा सावकाश पापण्या मिटाव्यात. त्या मिटल्या नाहीत तर थेंब लेन्सभर पसरत नाही.

वेळेचंही एक गणित आहे. खुपायला लागल्यावर थेंब टाकले की पापणीची ती पट्टी आधीच सोलवटलेली असते. ज्याला चारला त्रास होतो त्याने अकरा, दीड आणि साडेतीनला एकेक थेंब टाकावा. रात्री लेन्स काढण्याआधीचा थेंब सर्वांत उपयोगी. कोरडी लेन्स डोळ्याला चिकटलेली असते आणि चिमटीने ओढली तर कॉर्नियाच्या वरच्या पेशीही निघू शकतात. थेंब टाकून काही मिनिटं थांबावं, पापण्या मिटाव्यात, लेन्स बोटाने सहज सरकते आहे असं वाटलं की मगच काढावी.

या थेंबांची मर्यादाही स्पष्ट आहे. थेंब काही मिनिटांत निचरून जातो, त्यामुळे तो तात्पुरता आधार देतो, कारण दूर करत नाही. दिवसातून तीन-चारपेक्षा जास्त वेळा बाटली काढावी लागत असेल तर आणखी चांगल्या ड्रॉप्सच्या शोधात न लागता डोळे तपासून घ्यायला हवेत.

दोष लेन्सचा की डोळ्याचा?

या तपासणीत पहिला प्रश्न यंत्राशिवाय सुटतो: लेन्स काढल्यावर काय होतं? त्रास तासाभरात गेला तर तो मुख्यतः लेन्सशी निगडित आहे. चष्मा लावलेल्या दिवशीही डोळे चुरचुरत असतील तर डोळे मुळातच कोरडे आहेत आणि लेन्सने त्यात भर घातली आहे. पहिल्या प्रकारात लेन्स बदलून फरक पडतो. दुसऱ्यात आधी डोळ्यांवर उपचार हवेत, नाहीतर नवी महागडी लेन्सही महिनाभरात तशीच खुपू लागते.

पुढची पायरी दवाखान्यात. लेन्स काढून डोळ्यात फ्लुओरेसिन नावाचा पिवळा रंग टाकतात. लेन्स डोळ्यात असेल तर ती कायमची पिवळी होऊ शकते. निळ्या प्रकाशात अश्रूंचा थर हिरवट चमकतो. पापणी न लववता पाहत राहायचं आणि थरात पहिला काळा ठिपका किती सेकंदांनी उमटतो ते मोजायचं. दहा सेकंदांच्या आत थर फाटत असेल तर तो अस्थिर. पाणीच कमी आहे का हे पाहायला खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते मोजतात. पाचपेक्षा कमी भिजली तर अश्रू खरोखर कमी आहेत. मग पापणीची कड हलकेच दाबून तेल पाहतात. निरोगी ग्रंथीतून गोडेतेलासारखं पातळ तेल येतं, तुंबलेल्या ग्रंथीतून टूथपेस्टसारखं घट्ट.

आपल्या नमुन्याच्या केसमध्ये थर सहा सेकंदांत फाटतो. पट्टी बारा मिलिमीटर भिजते, म्हणजे पाणी आहे. तेल घट्ट आहे, आणि वरच्या पापणीची आतली कड रंगलेली आहे. एकूण चित्र असं: अश्रू येतात, पण तेलाचं झाकण कमी पडल्यामुळे टिकत नाहीत. त्यात हिवाळ्यात धुळीच्या अ‍ॅलर्जीसाठी ती रोज अ‍ॅलर्जीची गोळी घेते, आणि अशा गोळ्यांनी अश्रू कमी होतात. काजळ ती पापणीच्या आतल्या कडेवर भरते. तेलग्रंथींची तोंडं नेमकी तिथेच असतात; काजळ त्यांवर बसतं, शिवाय त्याचे कण लेन्सवर चिकटतात. बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळते. महिन्याची लेन्स ती सहा-सात आठवडे वापरते, कारण शनिवार-रविवारी लेन्स घालत नाही आणि ते दिवस ती धरत नाही. पण पाकीट फोडल्या दिवसापासून महिना मोजायचा असतो, लेन्स डबीत पडून राहिली तरी.

एका वेळी एकच बदल

इथे घाई झाली तर सगळा तपास वाया जातो. लेन्स, सोल्यूशन, ड्रॉप्स, काजळ सगळं एकाच दिवशी बदललं आणि बरं वाटलं, तर कशाने वाटलं ते कळत नाही. म्हणून तिला एक वही ठेवायला सांगितलं जातं. रोज फक्त एक नोंद: त्रास किती वाजता सुरू झाला. सुरुवातीच्या आठवड्याची नोंद चारच्या आसपास.

पहिले दोन आठवडे फक्त चष्मा. संध्याकाळी मिटलेल्या पापण्यांवर सोसवेल इतकं ऊबदार कापड पाच ते दहा मिनिटं, थंड झालं की पुन्हा गरम करून, आणि मग पापण्यांवर बोटाने हलका मसाज: वरच्या पापणीवर खाली, खालच्या पापणीवर वर. घट्ट तेल उष्णतेने पातळ होतं आणि वाट मोकळी होते. काजळ आतल्या कडेवर नाही. एसीचा झोत दुसरीकडे वळवला, हेल्मेटची काच खाली. अ‍ॅलर्जीची गोळी डॉक्टरांना विचारून फक्त गरज असेल तेव्हा.

तिसऱ्या आठवड्यात पूर्वीच्याच प्रकारची, पण नवी कोरी लेन्स. चुरचुरीची वेळ चारवरून साडेपाचवर जाते. म्हणजे दीड तास सवयींचा, पापण्यांचा आणि जुनाट लेन्सचा होता. पाचव्या आठवड्यात सोल्यूशनची पाळी. एकाच बाटलीने धुणं, भिजवणं, साठवणं करणाऱ्या सोल्यूशनमध्ये परिरक्षक असतात आणि काहींच्या डोळ्यांना ते मानवत नाहीत. त्याऐवजी तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्यूशन वापरता येतं. त्यासोबत मिळणाऱ्या खास डबीत लेन्स ठरलेल्या वेळेइतकी, साधारण सहा तास, ठेवली की पेरॉक्साइडचं पाणी आणि प्राणवायू होतो. त्याआधी मात्र ते कधीही डोळ्याला लागता कामा नये. प्रचंड आग होते. तिच्या बाबतीत सोल्यूशन बदलून काही फरक पडत नाही. हेही कामाचंच, एक संशयित यादीतून गेला.

मग उरतो लेन्सचा प्रकार. त्यासाठी लेन्सचा थोडा इतिहास उपयोगी पडतो. मऊ लेन्सचा पदार्थ चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला, आणि 1961 च्या नाताळात विख्टरले यांनी घरी मुलांच्या जोडणीच्या खेळण्यापासून यंत्र बनवून त्यावर पहिल्या लेन्स फिरवून काढल्या. त्या हायड्रोजेल लेन्समध्ये प्राणवायू पाण्यातून जातो. म्हणून अधिक प्राणवायू हवा तर अधिक पाणी, असा विचार पुढे रुजला. पण जास्त पाण्याची लेन्स घातली म्हणजे डोळा जास्त ओला राहतो असं नाही. कोरड्या हवेत ती आपलं पाणी गमावते आणि ते भरून काढण्यासाठी डोळ्याचेच अश्रू ओढते. 1990 च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन हायड्रोजेल बाजारात आलं. त्यात प्राणवायू सिलिकॉनमधून जातो, त्यामुळे पाणी कमी ठेवूनही कॉर्नियाला भरपूर हवा मिळते. मात्र काही सिलिकॉन लेन्स किंचित ताठ असतात आणि अश्रूंतली चरबी त्यांच्यावर लवकर बसते. म्हणून ‘सिलिकॉन म्हणजे नेहमीच जास्त आरामदायी’ हेही खरं नाही. काहींना रोज बदलायची साधी हायड्रोजेल लेन्सच सोसते.

कोरडेपणासाठी बदल करायचाच असेल, तर सर्वांत आधी विचार होतो रोज बदलायच्या लेन्सचा. सकाळी नवी, रात्री कचऱ्यात. चरबी आणि प्रथिनांचा थर साचायला वेळ नाही, डबी नाही, सोल्यूशन नाही. सातव्या आठवड्यात तिला कमी पाण्याची, सिलिकॉन हायड्रोजेलची रोजची लेन्स दहा दिवसांसाठी दिली जाते. वहीतली वेळ साडेसातवर जाते.

त्यानंतर ती घासाघीस करून दहापर्यंत नेता येईल का? तिने स्वतःच एक प्रयोग केला: दुपारी दोनला लेन्स काढून नवी कोरी घातली. संध्याकाळी त्रास व्हायचा तेव्हाच झाला. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं, की दिवसा मध्येच ताजी लेन्स घातल्याने दिवसअखेरीचा त्रास कमी होत नाही. त्या वेळेपर्यंत लेन्सपेक्षा डोळाच थकलेला असतो. म्हणून पुढचा उपाय लेन्सच्या पाकिटात नसून घड्याळात आहे: ऑफिसमधून निघताना लेन्स काढून चष्मा.

थांबायचं कधी, पुढे जायचं कधी

रोजच्या लेन्सनेही काम झालं नाही, तर लेन्सची बैठक पुन्हा मोजतात. घट्ट बसलेली लेन्स हलत नाही आणि तिच्याखालचे अश्रू बदलत नाहीत. सैल असेल तर तिची कड पापणीला लागते. दृष्टिवैषम्यासाठीच्या टोरिक लेन्स काही भागांत जाड असतात, त्यामुळे तिथे खुपणं जास्त. रंगीत लेन्स ऑनलाइन, डोळे न मोजता घेतलेली असेल, तर ती सर्वांत आधी बंद करावी.

चष्म्यातही डोळे कोरडे राहतात, सोबत तोंड कोरडं पडतं, सांधे दुखतात, अशा वेळी लेन्सचा विचार बाजूला ठेवून शोग्रेन सिंड्रोमसारखा आजार आहे का ते तपासावं लागतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेणाऱ्यांत तेलग्रंथींवर परिणाम होतो, म्हणून औषध चालू असताना लेन्स सोसेल असं धरू नये. आणि ज्यांचे डोळे फारच कोरडे आहेत, त्यांच्यासाठी स्क्लेरल लेन्स नावाचा प्रकार आहे. ती मोठी आणि कडक असते, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि कॉर्नियाच्या वर सलाइनचं तळं धरून ठेवते. मऊ लेन्स अश्रू वाटून घेते, ही उलट डोळ्याला दिवसभर भिजत ठेवते. पण ती अनुभवी तज्ज्ञाकडूनच बसवून घ्यावी लागते.

कोरडेपणा आणि संसर्ग यांतला फरक मात्र प्रत्येक लेन्सधारकाला माहीत हवा. कोरडेपणा सहसा दोन्ही डोळ्यांत असतो, दिवसाबरोबर वाढतो आणि लेन्स काढल्यावर ओसरतो. एकच डोळा लाल होऊन दुखतोय, उजेड सहन होत नाही, नजर धूसर झाली आहे आणि लेन्स काढूनही त्रास वाढतोय, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावं. लेन्स पुन्हा घालू नये, डोळ्यावर पट्टी बांधू नये, घरातले जुने ड्रॉप्स टाकू नयेत. काढलेली लेन्स आणि डबी फेकू नये. सोबत न्यावी, जंतू कोणता ते त्यांतून कळू शकतं.

हिंजवडीतल्या तरुणीच्या वहीत आता तीन महिन्यांच्या नोंदी आहेत. आठवड्यातले तीन दिवस रोजची लेन्स, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. उरलेल्या दिवशी चष्मा, त्यामुळे रोजच्या लेन्सचा खर्चही आटोक्यात राहतो. मॉनिटर दोन इंच खाली, काजळ पापणीच्या बाहेरून. पर्समध्ये बाटलीऐवजी परिरक्षक नसलेल्या दोन नळ्या असतात, आणि त्यातली एक बहुतेक दिवशी न उघडताच घरी परत येते.